मदत हवी आहे: तांब्याच्या तांब्याचा पहिला फोटो पास होईना

तांबट_आळीची_सून

नमस्कार मंडळी. कसब्यात आमचं मठारकामाच्या भांड्यांचं छोटं दुकान आहे. घडवणं सासरे बघतात, ऑनलाइन विक्री माझ्याकडे. एक लिटरचा तांब्या एका ऑनलाइन बाजारात टाकला, तर पहिला फोटो दोनदा परत आला.

पहिल्या वेळी चूक माझीच होती. खाली तागाचं आसन, शेजारी फुलपात्र आणि झेंडूची दोन फुलं असा थाट केला होता. ते सगळं काढून पांढऱ्या कार्डशीटवर पुन्हा काढला, तर म्हणे पार्श्वभूमी पांढरी नाही. अहो, पांढरीच आहे की!

दुसरी गोष्ट. बाकीचे पाच फोटो म्हणजे तोच तांब्या पाच बाजूंनी. विक्री बेताची आणि माल परत येतो. कारणं दोनच लिहितात: 'फोटोत मोठा वाटला होता' आणि 'आठवड्यात काळा पडला'. स्टुडिओ परवडणार नाही. मोबाईल, तिवई आणि पूर्वेची खिडकी एवढं हाताशी आहे.

चिमणबाग_३०

सोपं आहे. पार्श्वभूमी काढणारं कुठलंही अ‍ॅप घ्या, तांब्या कापा, पांढऱ्यावर चिकटवा. मी टी-शर्टचे असेच करतो, एकही परत आलेला नाही.

मसाला_मावशी

माझंही हेच दुखणं आहे गं. मेतकुटाचं पाकीट पांढरं आणि मागेही पांढरं, त्यामुळे पाकिटाची कडच दिसत नाही. मागे फिकट निळा कागद लावला तर चालेल का?

लाइट_मीटर

मावशी, पहिल्या फोटोत निळा चालणार नाही. तुमचं उत्तर खाली तांब्याच्या ओघात येईल.

चिमणबाग, कापडाला तुमचा उपाय लागू पडतो, ठोक्याच्या तांब्याला नाही. काठावर जिथे चकाकी पांढरी असते तिथे अ‍ॅपला कड कळत नाही आणि ते काठाचा लचका तोडतं. शिवाय मागे कार्डशीट असलेला तांब्या कापून काढला तरी त्याच्या पोटात तुमची खोली, खिडकी आणि तुम्ही स्वतः दिसतच राहता.

सूनबाई, कुठला बाजार ते लिहिलं नाहीत, म्हणून अ‍ॅमेझॉनचा नियम सांगतो. बाकीच्यांकडे थोडाफार फरक असेल, तो बघून घ्या. पहिल्या फोटोत पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायचा. मजकूर नाही, आणि मालासोबत न मिळणारी वस्तू शेजारी नाही, म्हणून फुलपात्र अडलं. झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. तुम्ही २००० बाय २००० चा चौकोन धरा आणि तांब्याची उंची साधारण १७०० ठेवा.

'पांढरीच आहे की' याचा निकाल डोळ्याने लावू नका. गिम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये रंग उचलणाऱ्या ड्रॉपरने चारी कोपरे, मधला भाग आणि बुडाजवळची जागा तपासा. काय आकडे येतात ते इथे टाका.

तांबट_आळीची_सून

बघितलं. कोपऱ्यात २३१, २३०, २२६. मधे २४४ च्या आसपास. बुडाजवळ २४७, २३४, २२५. हे काय प्रकरण?

लाइट_मीटर

कोपरे राखाडी, कारण खिडकीचा उजेड तिथवर पोचेपर्यंत मंदावतो. बुडाजवळ लाल जास्त आणि निळा कमी, कारण तांबं स्वतःचा रंग कागदावर टाकतंय. बघणाऱ्याला तो भाग उबदार पांढरा वाटतो, नियमाच्या हिशेबाने तो गुलाबी आहे.

आता मांडणी. कार्डशीट भिंतीवरून टेबलावर एकसंध वळवून आणा, घडी पडू देऊ नका. तांब्या भिंतीच्या कागदापासून अडीच फूट पुढे. मागच्या कागदावर दोन्ही बाजूंनी एकेक एलईडी बल्ब, ६५०० केल्विनचे, म्हणजे खिडकीच्या उजेडाशी रंग जुळेल. घरातली पिवळी लाइट बंद. तांब्यावर पडणारा उजेड मात्र बटर पेपरमधून गाळून घ्या. भांड्याला तिन्ही बाजूंनी बटर पेपरचा आडोसा करा आणि समोर लेन्सपुरती फट ठेवा. मग पोटात खोली दिसत नाही, सलग पांढरा पट्टा दिसतो.

एवढ्यावर थांबलात तर तांब्या फिका दिसेल. चकचकीत भांडं आसपासचंच दाखवतं, आणि आसपास सगळं पांढरं झालंय. म्हणून चौकटीच्या जरा बाहेर, डावी-उजवीकडे दोन-दोन इंच रुंदीच्या काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या करा. काठावर गडद रेघ उमटते आणि घाट उठून दिसतो. मावशी, तुमच्या पाकिटाची कडही अशीच सापडेल.

मोबाईल जवळ नेऊ नका. चार-पाच फूट लांबून दुप्पट झूमवर काढा, म्हणजे पोट फुगत नाही आणि तुमचं प्रतिबिंबही बारीक होतं. एक्स्पोजर लॉक करा. मागचे बल्ब इतके प्रखर नकोत की कागद जळून उजेड काठावर चढेल. कॅमेऱ्यात २४५ च्या वर आला की पुरे. उरलेलं गिम्पच्या लेव्हल्समध्ये उजळा, पण तांब्या सिलेक्शनने वगळून. नाहीतर ठोक्यांमधली चकाकी जळते, आणि तुमच्या मालात बघण्यासारखं तेच तर आहे.

चिमणबाग_३०

कापणं जमत नसेल तर निदान पीएनजी ठेवा, पार्श्वभूमी पारदर्शकच राहील.

लाइट_मीटर

पारदर्शक म्हणजे पांढरी नव्हे. जेपीजी करताना तिथे काळंही येऊ शकतं. पांढरा थर खाली टाकूनच जेपीजी करा.

अप्पा_बळवंत_फेरी

मी पितळी समया विकते, म्हणून पुढच्या फोटोंचं सांगते. तुमच्या परत आलेल्या मालानेच यादी करून दिली आहे.

दुसरा फोटो: तांब्या हातात धरलेला, बाजूला उंची सेंटिमीटरमध्ये आणि 'पाणी १ लिटर'. इथे मजकूर चालतो, पण मोबाईलच्या छोट्या चौकोनात वाचता आला पाहिजे. मी तीन-चार शब्दांवर जात नाही. हात मोठ्या माणसाचा घ्या. मी धाकट्या पोराचा घेतला होता, समई केवढी थोरली दिसली!

तिसऱ्यात ठोके अगदी जवळून, उजेड एका बाजूने तिरपा, म्हणजे प्रत्येक ठोक्याला सावली पडते. सासऱ्यांचा हातोडा धरलेला हात त्यातच बसवता आला तर उत्तम.

चौथा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: अर्धा काळवंडलेला, अर्धा चिंचेने घासलेला तोच तांब्या. काळं पडणं लपवू नका. ते बघून जो घेईल तो त्या कारणाने परत पाठवणार नाही.

पाचव्यात देवघर नको, स्वयंपाकघराचा ओटा, पाणी ओततानाचा. तागाचं आसन आणि फुलपात्र इथे ठेवा हवं तर, पण 'फुलपात्र सोबत नाही' हे लिहा.

तांबट_आळीची_सून

'सांधेदुखीवर गुणकारी' असं लिहिलं तर? शेजारचे लिहितात.

अप्पा_बळवंत_फेरी

नको. आजार बरा होतो असं लिहिलंत की लिस्टिंगच जाईल. त्यापेक्षा सहाव्या फोटोत 'फक्त पाण्यासाठी. ताक, लिंबू सरबत ठेवू नये' असं टाका. आंबट तांब्यात ठेवू नये हे घरोघरी माहीत असायचं, आता सांगावं लागतं.

तांबट_आळीची_सून

आज सकाळी मांडून पाहिलं. काळ्या पट्ट्यांनी खरंच फरक पडला, सासरे म्हणाले, 'आत्ता कुठे आमचा तांब्या वाटतोय.' कोपरे २५५ झाले. बुडाची गुलाबी छटा त्या भागाचा रंग उतरवून आणि उजळून घालवली. पण बुडाखाली हलकी सावली आहे, २४० च्या आसपास. ठेवू का काढू?

लाइट_मीटर

काढा. नियम म्हणजे नियम.

अप्पा_बळवंत_फेरी

मी ठेवते. सावली पुसली की समई हवेत तरंगते. माझे सगळे पास झालेत.

लाइट_मीटर

आजवर झालेत.

मसाला_मावशी

पट्ट्या लावल्या, कड आली! बरं, हा तांब्या केवढ्याला आहे?