अनुभव धागा: आडव्या-तिडव्या कर्णाचा कोन काढताना तुम्ही कुठे अडकलात?

वाशीकर_आई

लेक दहावीला आहे, आयजीसीएसई बोर्ड. परवा रात्री एका गणितावरून आम्ही दोघी दीड तास बसलो होतो. इष्टिकाचिती 12 सेमी लांब, 4 रुंद, 3 उंच. खालच्या एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात जाणारा आतला कर्ण तळाशी किती अंशाचा कोन करतो, एवढाच प्रश्न. तिने 22.6 काढलं, पुस्तकात 13.3. तिचा त्रिकोण मी तीनदा तपासला, एकही चूक नाही! लांबीची कड 12, बाजूच्या भिंतीचा कर्ण 5 कारण 3 आणि 4, आणि आतला कर्ण 13. म्हणजे 5-12-13, इतका स्वच्छ त्रिकोण समोर आल्यावर कोणाला शंका येईल? शेवटी कळलं की कोन बरोबर आहे पण तो तळाशी नाही, तळाच्या कडेशी आहे. असं तुमच्या घरी, क्लासमध्ये, कामावर झालं असेल तर लिहा, सविस्तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

नौपाडा_क्लास

ताई, पंचवीस वर्षं ठाण्यात शिकवतोय, ही चूक दरवर्षी होते आणि ती आळशी मुलांची चूक नाही, उलट हुशार मुलांची आहे. त्यांना काटकोन त्रिकोण पटकन दिसतो. प्रश्न असा की त्या कोपऱ्यातून तळावर रेषा किती काढता येतील? हव्या तितक्या. आतला कर्ण त्यातल्या प्रत्येकीशी वेगळा कोन करतो. 12 च्या कडेशी 22.6, 4 च्या कडेशी 72.1. मग तळाशी कोन कुठला म्हणायचा? तर सगळ्यात लहान. आणि तो मिळतो कर्णाच्या बरोबर खाली पडलेल्या रेषेशी, म्हणजे तळाच्या कर्णाशी.

मी वर्गात झाडूची काठी जमिनीवर तिरकी धरतो आणि एका मुलाला खाली खडूची रेघ ओढायला लावतो, मग दुसरी, तिसरी. कोनमापक घेऊन मोजलं की मुलं स्वतःच सांगतात, सर काठीच्या खालची रेघ धरली की कोन सगळ्यात कमी येतो. हे एकदा हाताने केलेलं पोरगं पुन्हा कडेला जात नाही.

कळवा_साइट

मी सुपरवायझर आहे, गणितात बारावीपर्यंतच. पण सर म्हणतात ते आम्ही ओळंब्याने करतो. तिरका पाइप किंवा जिन्याचा रेलिंग असला की वरच्या टोकाला ओळंबा सोडायचा, खाली जिथे टेकेल तिथे खूण करायची, आणि पाइपच्या खालच्या टोकापासून त्या खुणेपर्यंत दोरी. पाइप आणि दोरी यातला कोन खरा. ताईंच्या खोक्यात वरच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला तर तो थेट खालच्या समोरच्या कोपऱ्यात पडेल, 12 च्या कडेवर पडणारच नाही. लेकीला सांगा पेन उचलायच्या आधी ओळंबा कुठे पडतो ते बघ.

वाशीकर_आई

दादा हे तिला लगेच कळलं!! आधी खूण, मग त्रिकोण. पण मग तिला 13.4 आलं, 13.3 नाही.

नौपाडा_क्लास

तळाचा कर्ण 12.6 लिहून पुढे गेली असणार. 160 चं वर्गमूळ 12.649 आहे, ते मधेच छाटलं की उत्तर 13.4 कडे सरकतं, आणि त्या बोर्डाला कोन एका दशांशापर्यंत लागतो. इथे मुळात वर्गमूळ लागतच नाही. उंची 3, आतला कर्ण बरोबर 13, म्हणून

`sin θ = 3/13`

आणि θ = 13.34 अंश. जी बाजू पूर्णांकात आहे तीच वापरायची.

ऐरोली_इंजि

आमच्या एचएससीला हेच व्हेक्टरने होतं. कर्णाची दिशा (12, 4, 3), तळाचा नॉर्मल (0, 0, 1), डॉट प्रॉडक्ट 3, भागिले 13. मी तिथे कॉस लावला आणि 76.7 आलं. नॉर्मलशी कोन काढलाय हे विसरलो, 90 मधून वजा करायचं राहिलं, प्रिलिममध्ये तीन मार्क गेले. आता एक शॉर्टकट सांगतो, दोन आतल्या कर्णांमधला कोन विचारला तर हाच कोन दुप्पट करायचा, 26.7. संपलं.

खारघर_काका

कोनाचं राहू द्या हो, मूळ प्रश्न लांबीचाच आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये 2.7 मीटरचा पडद्याचा रॉड नेता येईना, लिफ्टची आतली उंची 2.2. वॉचमन म्हणाला जिन्याने न्या, अकरावा मजला. मी टेप घेऊन मोजलं, खालचं माप 1.1 आणि 1.4, तीनही वर्ग मिळवून वर्गमूळ 2.83 येतं. मावला! मात्र कोपऱ्यातून कोपऱ्यात धरावा लागतो, नुसता मागच्या भिंतीला टेकवला तर 2.6 च्या वर जात नाही. दार मधोमध असल्याने खालचं टोक आत घेऊन मग बाजूला सरकवावं लागलं, तिथे वेळ गेला.

नौपाडा_क्लास

काका, माप अगदी बरोबर. कोन हवाच असेल तर तोच नियम, 2.2 भागिले 2.83, कर्णाचा जमिनीशी साधारण 51 अंश.

ऐरोली, तुझं दुप्पट एका जोडीलाच लागू आहे. आतले कर्ण चार, त्यांच्या जोड्या सहा, आणि कोन तीन वेगळे. दोन कर्ण एकमेकांना मध्यावर छेदतात म्हणून त्यांची चार टोकं जोडली की आयत होतो. तुझ्या जोडीचा आयत उभा आहे, बाजू 3 आणि तळाचा कर्ण, तिथे 26.7 खरं. दुसऱ्या जोडीच्या आयताची बाजू 4, तिथे 35.8. तिसऱ्याची बाजू 12 आणि 5, तिथे मध्यापासून कोपरे 6.5 वर, कोसाइन रूल लावला की 134.8 येतो आणि त्याचा जोडीदार 45.2. म्हणून आधी कोणत्या आयतात आहोत ते ओळखायचं, कोन नंतर.

ऐरोली_इंजि

ओके सर, मी एकच आयत डोळ्यासमोर धरला होता. पण क्यूबमध्ये तरी कर्ण एकमेकांना काटकोनात असतात ना? सगळं सारखंच आहे तिथे.

घणसोली_फॅब्रिकेशन

नाही भाऊ. आम्ही चौकोनी फ्रेमला आतून क्रॉस बार मारतो तेव्हा मीही तसंच धरून गुण्या लावला होता, बसलाच नाही. क्यूबच्या एका बाजूच्या पृष्ठावरचे कर्ण काटकोनात असतात, आतले नाहीत, ते 70.5 ला छेदतात. मात्र 3, 4, 5 फुटांच्या फ्रेममध्ये एक जोडी तंतोतंत काटकोनात आली, गुण्या चिकटून बसला. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

नौपाडा_क्लास

कारण 3 आणि 4 चा कर्ण 5, आणि तिसरी बाजूही 5. म्हणजे ती जोडी ज्या आयतात आहे तो चौरस निघाला, आणि चौरसाचे कर्ण काटकोनात. क्यूबमध्ये त्याच आयताच्या बाजू 1 आणि 1.414, चौरस होतच नाही.

वाशीकर_आई

सर, लेक विचारतेय, पेपरात दोन कर्णांमधला कोन असं नुसतं आलं तर 134.8 लिहायचं की 45.2?

नौपाडा_क्लास

रेषांमधला म्हटलं तर लघुकोन. मध्यबिंदूला नाव देऊन तीन अक्षरांनी कोन विचारला तर जो आहे तोच, विशाल असला तरी.

ऐरोली_इंजि

आमच्या सरांनी अशा वेळी दोन्ही लिहायला सांगितलं होतं.

नौपाडा_क्लास

दोन उत्तरं लिहिली तर तपासणारा कुठलं धरेल? मी नाही लिहायला सांगत.

वाशीकर_आई

तिच्या टीचरना विचारून इथे टाकते. आत्ता ती बुटांच्या खोक्याला दोरा बांधून ओळंबा सोडतेय.