मदत हवी आहे: २४ कुर्त्यांपैकी १७ विकल्या, तरी हातात पैसे का नाहीत?

खिडकीतली_तुळस:
दोन महिन्यांपूर्वी होलसेल मार्केटमधून रेयॉनच्या कुर्त्या आणल्या. दुकानदार सुटा नग देत नाही, सेटच घ्यावा लागतो. एका डिझाइनच्या सेटमध्ये चार नग, म्हणजे एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएल प्रत्येकी एक. मी सहा डिझाइन्स घेतली, एकूण २४ नग.

रेट ३२० रुपये. आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर आणि मैत्रिणींमध्ये ४५० ला विकल्या. १७ गेल्या. नगामागे १३० सुटले म्हणजे २२१० रुपये फायदा, असं मी वहीत लिहून मोकळी झाले. आता दुसरा माल आणायला निघाले तर डब्यात फक्त ६३०० रुपये! नवऱ्याने विचारलं, "फायदा कुठे ठेवलास?" मला उत्तर देता आलं नाही. कुठे चुकतंय?

रिकामा_टेकडा:
सुरतेहून थेट मागवा, रेट कमी पडेल. उल्हासनगरचं गजानन मार्केटही बघा. मंगलदासला जाऊ नका, तिथे तयार कपड्यांपेक्षा कापडच जास्त.

खिडकीतली_तुळस:
दादा, माल कुठून आणू हे विचारलं नाहीये हो. आणलेल्या मालाचे पैसे कुठे गेले ते विचारतेय.

गाठोडं:
मी नऊ वर्षं हेच करते आहे. आधी तीन गोष्टी सांग. बिल पक्कं होतं का? माल घरी आणायला किती गेले? आणि उरलेल्या सातमध्ये कोणते साइज आहेत?

खिडकीतली_तुळस:
बिल पक्कं, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३८४. हमाली, रिक्षा आणि पॅकिंगच्या पिशव्या मिळून ४५६. उरलेल्यांत पाच एम आणि दोन डबल एक्सएल. एल आणि एक्सएल पहिल्या दोन दिवसांतच संपल्या. आणि हो, तिघींचे पैसे यायचे आहेत. "एक तारखेला देते" म्हणाल्या होत्या, दोन एक तारखा होऊन गेल्या.

गाठोडं:
मग तुझी कुर्ती ३२० ची नाहीच. ७६८० चा माल, ३८४ कर आणि ४५६ खर्च, मिळून ८५२०. भागिले २४ केलंस तर नग ३५५ ला पडला.

पण खरी गोम पुढेच आहे. ४५० ने विकत गेलीस तर ८५२० वसूल व्हायला १९ नग जावे लागतात. अठरा गेल्या तरी मुद्दल सुटत नाही. म्हणजे तुझा सगळा फायदा शेवटच्या पाच-सहा कुर्त्यांत होता आणि त्या नेमक्या एम साइजच्या निघाल्या. १७ चे ७६५० झाले, त्यातले १३५० उधारीत, म्हणून डब्यात ६३००. उधारी आली तरी तू अजून ८७० ने मागे आहेस. नवऱ्याला सांग, फायदा कपाटात घडी घालून ठेवलाय.

मी सेट घेताना २४ नग धरतच नाही. १६ नगांत मुद्दल सुटलं पाहिजे असा भाव लावते. तुझ्या मालाला तो ५३३ च्या आसपास येतो, म्हणजे ५५० लावायला हवे होते. त्या भावाला तुमच्या सोसायटीत ही कुर्ती खपली नसती असं वाटत असेल, तर तो माल ३२० ला घेण्यासारखाच नव्हता. हे मार्केटमध्ये उभं असतानाच ठरवायचं, घरी येऊन नाही.

हिशोबी_काका:
जीएसटी नंबर घेतल्याशिवाय काहीही विकणं बेकायदा आहे. नंबर घ्या, ते ३८४ रुपयेही परत मिळतील.

गाठोडं:
काका, अर्धं बरोबर. नंबर असला तर भरलेला कर वळता होतो हे खरं. पण मग तिला विक्रीवर कर लावून दरवेळी रिटर्न भरावं लागेल. आणि राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, ती तर अजून आठ हजारांवर आहे. हां, परराज्यात कुरिअरने विकायला लागली तर मात्र ही सूट धरून चालू नये.

चादरवाली:
साइजचा त्रास फक्त कपड्यांनाच असतो असं समजू नका. मी कुर्त्यांना कंटाळून डबल बेडशीट आणल्या. पाकिटावर किंगसाइज लिहिलेलं, माप निघालं ९० बाय १०० इंच. ज्यांची गादी सहा फुटी त्यांना बाजूने जेमतेम नऊ इंच लोंबायची, रात्रीतून गादीखालून निसटायची. चार परत आल्या. आता मी पाकिटावरचं नाव ग्रुपवर टाकतच नाही, टेप लावलेला फोटो टाकते.

गाठोडं:
ही गोष्ट कुर्तीलाही लागू. तुळस, तुझ्या एमची छाती टेपने मोज. ३८ हवी. स्वस्त लॉटमध्ये कटिंग आखूड असतं, ३६ निघाली तर ती एम नाहीच, आणि रेयॉन पहिल्या धुण्यात आणखी आटतं. बायका घालून बघतात आणि काही न बोलता परत देतात, त्याचं कारण हेच असतं.

बाजूची शिवण उलटून बघ. आत प्रत्येक कडेला इंचभर दाब असेल तर टेलर अर्धा-अर्धा इंच सोडतो. पुढच्या-मागच्या मिळून चार कडा, म्हणजे दोन इंच वाढतात आणि एमची एल होते. मुंढ्यात मात्र फारसं सुटत नाही, जाड दंडाच्या बाईला ती तरीही घट्टच होणार.

खिडकीतली_तुळस:
पुढच्या वेळी एम न घेता सेट मिळतो का?

गाठोडं:
पहिल्या खेपेला कोणी देत नाही. तीन-चार वेळा रोख माल उचललास की एमऐवजी थ्री एक्सएल घालून देणारे भेटतात. सगळेच नाही. तोवर सहाऐवजी तीनच डिझाइन्स आण, म्हणजे अडकल्या तर तीन एम अडकतील.

चादरवाली:
उधारीचं मी असं केलंय: ग्रुपवर "माझी" लिहिलं तरी पैसे येईपर्यंत नग बाजूला काढत नाही. दोन शेजारणी रुसल्या आहेत.

गाठोडं:
मी जुन्या गिऱ्हाइकांना उधार देते, माझं तरी त्यावरच चालतं. पण महिन्यात दोघींनाच. पहिलीचे आले की तिसरीला.

खिडकीतली_तुळस:
मोजल्या. पाचपैकी तीन एम ३६ भरल्या आणि आत दाब पाव इंचच! त्या आमच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलींना ३०० ला देऊन टाकते. ३५५ चा मोह सोडवत नाहीये, पण पाच दिवाळ्या कपाटात ठेवण्यापेक्षा बरं. दोन व्यवस्थित आहेत, त्या टेलरकडे टाकल्या, नगाला ५० मागतोय. दोन डबल एक्सएल ठेवते, त्याला विचारणा होते आहे.

एक मात्र कळत नाही. आमच्या ग्रुपला आता ४५० चा भाव पाठ झालाय. तसाच माल पुढच्या महिन्यात ५५० ला टाकला तर "मागच्या वेळी स्वस्त होती" म्हणणार नाहीत का?

चादरवाली:
म्हणणारच. मी तेव्हा कापडच बदललं, रेयॉनऐवजी कॉटन.

गाठोडं:
माझ्याकडे म्हणाल्या होत्या. निम्म्या परत आल्या, निम्म्या अजून आल्या नाहीत.