सल्ला हवा: सोसायटीत ३० दिवस सूर्यनमस्कार, मागच्या वेळी नवव्या दिवशी बंद पडले

तुळशीवृंदावन

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत राहते. मागच्या हिवाळ्यात सोसायटीत ३० दिवस सूर्यनमस्कारांचा उपक्रम सुरू केला होता. २१ जणांनी नावं दिली. बहुतेक बायका, चार-पाच निवृत्त काका आणि कॉलेजमधली दोन मुलं. पहिल्या दिवशी ४ नमस्कार, मग रोज २ वाढवायचे, म्हणजे तिसाव्या दिवशी ६२. झाले की व्हॉट्सॲप ग्रुपवर 'झाले' लिहायचं आणि शेवटी सगळ्यांनी अनुभव सांगायचे.

पहिल्या दिवशी २१ 'झाले' आले, पाचव्या दिवशी १६. नवव्या दिवशी मी धरून चौघी. कोणी भांडलं नाही की कंटाळा आला असंही म्हणालं नाही, हळूहळू सगळे गप्प होत गेले. आता पुन्हा करायचंय, पण ते नुसतं जाहीर करण्याआधी नीट आखायचंय. रोजची नोंद कशी घ्यावी आणि शेवटी काय विचारावं? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया सांगा.

शिस्तप्रिय_४५

ताई, सोपं आहे. कुठलीही सवय २१ दिवसांत लागते, तुमच्याकडे तर ३० आहेत. वेळ एकच ठेवा, सकाळी दात घासले की लगेच, चहाच्या आधी. आणि नियम कडक ठेवा. एकही दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. मी असंच केलं आणि तीन वर्षं रोज चालतोय.

कृष्णाकाठ

सूर्यनमस्कार करताना माझं मनगट दुखतं, विशेषतः अष्टांगासनातून भुजंगासनात जाताना. हाताची बोटं बाहेर वळवावीत का? कोणी सांगेल का?

तुळशीवृंदावन

कृष्णाकाठ, आमच्याकडे एका काकूंना हाच त्रास होता. बोटं पसरून वजन तळहाताच्या कडेवर न घेता पूर्ण पंज्यावर घेतल्यावर बराच फरक पडला. तरीही दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मला मात्र इथे उपक्रमाच्या आखणीबद्दल विचारायचंय.

आखणीकार

मी एका कारखान्यात आठ वर्षं कामगारांसाठी असे महिन्याचे उपक्रम चालवले. पाणी पिणं, चालणं, तंबाखू कमी करणं, बरंच काही. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या जुन्या ग्रुपमधले संदेश अजून असतील तर एक काम करा. प्रत्येकाचा शेवटचा 'झाले' कुठल्या दिवसाचा, आणि त्याच्या आधी किंवा नंतर एखादा खाडा दिसतो का, ते पाहा. माझा अंदाज असा की बहुतेक जण पहिला दिवस चुकल्यावर परत आलेच नाहीत.

कारण तुमच्या नोंदीत एकच शब्द होता, 'झाले'. ज्याचं झालं नाही त्याला त्या ग्रुपवर लिहायला शब्दच नव्हता, म्हणून तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मग दोन दिवसांचं मौन तोडायचं होतं, तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचं. त्यात तुमचा आकडा रोज वाढत होता. आठव्या दिवशी १८ नमस्कार चुकलेल्या माणसाला नवव्या दिवशी थेट २० घालायचे होते. चढता आकडा परत येणाऱ्यालाच सगळ्यात जड जातो.

म्हणून मी दोन गोष्टी करीन. एक, रोजचं किमान इतकं लहान ठेवा की ताप नसेल तर कोणालाही जमेल. तीन नमस्कार. नवख्यालाही दोनेक मिनिटं लागतात. त्यापुढे कोणी १२ घालो की ५०, तो त्याचा आनंद, उपक्रमाची मोजणी तीनवरच. दोन, नोंदीला तीन अक्षरं द्या. क म्हणजे किमान झालं, ज म्हणजे जास्त झालं, न म्हणजे नाही झालं. 'न' लिहिणाऱ्याने पुढे एक शब्द लिहायचा, पाहुणे, प्रवास, पाठ, जे असेल ते. 'न' लिहिणं ही सुद्धा हजेरीच आहे हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा आणि पहिला 'न' तुम्ही स्वतः लिहा. मी तेच करायचो, दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच.

शिस्तप्रिय दादा, वेळ आणि चहाच्या आधीची जागा हे तुमचं अगदी बरोबर. पण २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'किमान' पुढे गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा ३० दिवसांत सवय लागेलच असं सांगू नका आणि 'पुन्हा एकपासून' तर नकोच. तुम्हाला ते जमलं, पण ज्यांना नाही जमलं ते आज इथे लिहायला नाहीत.

शिस्तप्रिय_४५

६६ चं माहीत नव्हतं. तरी मला वाटतं की चुकण्याची मोकळीक दिली की माणूस ती घेतो. आमच्या ग्रुपात चुकलेल्या दिवसाला दहा रुपये दंड होता, महिन्याच्या शेवटी त्याची भेळ. मस्त चाललं होतं.

आखणीकार

दंडाचा प्रयोग आम्हीही केला. नोंदी सुधारल्या, पण माणसं खोटं 'हो' लिहू लागली, आणि महिनाअखेरीला चर्चेला खरा आकडाच उरला नाही. लहान ग्रुपात, एकमेकांना ओळखणाऱ्यांत, चालतही असेल. २१ जणांच्या सोसायटीत मी करणार नाही.

तुळशीवृंदावन

दुपारी बसून जुने संदेश मोजले, दादा. सोडून गेलेल्या १७ पैकी १३ जणांनी पहिला दिवस चुकल्यावर एकदाही लिहिलेलं नाही. आणि त्यातल्या आठ जणींचा पहिला चुकलेला दिवस रविवार. मला वाटत होतं वाढत्या आकड्याने दमल्या. इतक्या जणी एकाच रविवारी गेल्या हे तेव्हा दिसलंच नाही.

रांगोळी

रविवारी नवरा-मुलं घरी, उशिरा उठणं, पोहे, मग स्वयंपाक लांबतो. सकाळचं 'चहाच्या आधी' रविवारी नसतंच हो! आमच्याकडे रविवारची वेगळीच वेळ ठरवली होती, संध्याकाळी पाच. दुपारच्या जेवणानंतर तीन-चार तास गेले की पोट हलकं असतं.

आणि एक विचारू का? पाळीच्या दिवसांचं काय? काही जणी त्या चार दिवसांत करत नाहीत. त्यांनी रोज ग्रुपवर 'न' आणि पुढे कारण लिहायचं का? ग्रुपमध्ये काका आहेत.

आखणीकार

फार महत्त्वाचं विचारलंत, रांगोळीताई. चौथं अक्षर ठेवा, स, म्हणजे आधी ठरवलेली सुट्टी. कारण लिहायचं नाही, कोणी विचारायचं नाही. सगळ्यांना महिन्यातून चार. काकांनी लग्नाला जाण्यासाठी वापरली तरी चालेल.

शिस्तप्रिय_४५

मग ते चार दिवस झाले धरायचे की नाही झाले?

आखणीकार

मी मोजणीतच धरत नाही, म्हणजे २६ पैकी किती. पण माझ्याबरोबर काम करणारी बाई म्हणायची की २६ आणि ३० असे दोन आकडे झाले की लोक तुलना करत बसतात, त्यापेक्षा सुट्टी झालेलीच धरा. तिचंही चुकत नव्हतं.

रांगोळी

मी तिच्या बाजूने.

तुळशीवृंदावन

नोंद ठेवायची कुठे? ग्रुपवर २१ संदेश रोज आले की मोजणं अवघड होतं. मागे मी वहीत उतरवत होते, दोन दिवस मागे पडले की कळेनासं व्हायचं.

आखणीकार

ग्रुपवर रोज रात्री नऊपर्यंत फक्त अक्षर येऊ द्या. सकाळचा संदेश नको, नाहीतर ज्यांनी अजून केलं नाही त्यांना ढकलल्यासारखं वाटतं. मग तुम्ही दहा मिनिटांत गुगल शीटवर उतरवा. A मध्ये नाव, B मध्ये मजला, C पासून AF पर्यंत ३० दिवस. कोणी गप्प राहिलं तरी तिथे तुम्ही 'न' लिहा. पुढे AG मध्ये हे:

```
=COUNTIFS(C2:AE2,"न",D2:AF2,"न")
```

हे सलग दोन दिवस 'न' किती वेळा आलं ते मोजतं. शून्य असेल तर सोडून द्या, त्या माणसाला काही म्हणू नका. एक झाला की त्याच संध्याकाळी जिन्यात भेटा किंवा फोन करा. ग्रुपवर नाही. 'का नाही केलं' विचारू नका, 'उद्या माझ्याबरोबर तीन घालाल का' एवढंच. दुसरा चुकलेला दिवस हाच पकडायचा असतो, चौथ्या दिवसापर्यंत माणूस मनातून गेलेला असतो.

आता शेवटची बैठक. 'कसं वाटलं' विचारलं की 'खूप छान, ताजंतवानं वाटतं' यापलीकडे काही येत नाही. लोकांना शेवटचा आठवडा तेवढा आठवतो. म्हणून एकतिसाव्या दिवशी, जमलं तर गच्चीवर, प्रत्येकाच्या हातात त्याची ३० अक्षरांची ओळ कागदावर द्या. बोलण्याआधी दहा मिनिटं लिहायला. मी तीनच प्रश्न विचारायचो. 'न' कुठे गोळा झालेत आणि त्या दिवशी घरात काय चालू होतं? कुठल्या दिवशी करायला सगळ्यात जड गेलं, तरी केलं, ते कशामुळे? आणि उद्यापासून यातलं काय ठेवणार, किती, कुठल्या वेळी? तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' आलं तरी ते लिहून घ्या, समजूत घालू नका.

एक ओळ दाखवतो. सोमवारी सुरू केलेला महिना होता, चालण्याचा. एका बाईंच्या ओळीत पाच न, ७, १४, १५, २१ आणि २८ तारखेला. २५ दिवस केलं होतं, तरी त्या आल्या त्या 'माझं शेवटी घसरलं' म्हणतच. कागद पाहून गप्प झाल्या. चार रविवार, आणि १५ तारखेला त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. घसरलं काहीच नव्हतं. त्यांनी रविवारचं चालणं भाजी आणण्याला जोडलं, पिशवी घेऊन लांबच्या मंडईत जायचं, आणि पुढच्या महिन्यात रविवारचा एकच 'न' आला.

तुळशीवृंदावन

माझ्याही ओळीत काय निघेल कोण जाणे. सोमवारी सुरू करते. किमान तीन नमस्कार, नोंदीला चार अक्षरं, रविवार संध्याकाळी पाच, शीट माझ्याकडे. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना खुर्चीवर बसून करायचे आहेत. ते 'क' धरायचं ना?

रांगोळी

धरायचंच! त्यांना डॉक्टरांचं विचारून घ्या मात्र, रक्तदाब असेल तर पुढे वाकण्याबद्दल खास विचारा.

कृष्णाकाठ

बोटं पसरून करून पाहिले, आज पाच घातले. दुखलं, पण कमी. मलाही तुमची ती अक्षरं चालतील का, घरी एकटीने लिहायला?

आखणीकार

चालतील. फक्त एक माणूस ठरवा ज्याला रोज रात्री अक्षर पाठवाल. एकटीने 'न' लिहिणं कठीण जातं.