मदत हवी आहे: उभे फोटो आडव्या व्हिडिओत, बाजूला काळ्या पट्ट्यांऐवजी धूसर पार्श्वभूमी

खिडकीतली_मी
आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात. तिथे प्रोजेक्टरवर १२ मिनिटांची चित्रफीत दाखवायची आहे. जवळपास १४० फोटोंपैकी ६० उभे आहेत. बरेचसे मोबाइलचे, ३००० × ४००० चे. काही आजीच्या अल्बममधून स्कॅन केलेले. टाइमलाइन १९२० × १०८० ची. शॉटकट वापरते, उबुंटूवर, लॅपटॉप जुना आहे.

दोन्ही बाजूंना काळं सोडलं की आजोबा कपाटाच्या फटीतून बघताहेत असं वाटतं. म्हणून मागे तोच फोटो मोठा आणि धूसर करून हवा आहे. खालच्या ट्रॅकवर तसं केलं, पण आजीचा भला मोठा अस्पष्ट चेहरा मागून डोकावतो आणि नजर तिकडेच जाते. शिवाय प्ले केलं की अडखळतं.

पर्वतीपायथा
इतका खटाटोप कशाला? शॉटकटमध्ये `Blur: Pad` नावाचा फिल्टर आहे. तो लावा, बाजू आपोआप भरतात. एकदा लावून कॉपी-पेस्ट करत जा. अर्ध्या तासाचं काम.

खिडकीतली_मी
तो लावून पाहिला दादा, स्थिर फोटोला छान दिसतो. पण मला प्रत्येक फोटो हळूहळू जवळ आणायचा आहे. त्यावर झूम दिला की मागची धूसर बाजूही सोबत सरकते.

रीळवाला
माझं उलट आहे. लग्नाचे आडवे फोटो रीलसाठी उभे करायचेत, वर-खाली जागा उरते. तिथेही हेच चालेल का?

जुनी_वही
रीळवाला, तत्त्व तेच, फक्त रुंदी-उंचीची अदलाबदल.

ताई, चेहरा का डोकावतो ते आधी पाहा. तुमचा फोटो १०८० उंचीत बसवला की रुंदी उरते ८१०, म्हणजे दोन्ही बाजूंना ५५५ रिकामे. मागचा थर १९२० रुंद करायला गेलात की उंची होते २५६०. त्यातले १०८०च दिसणार, आणि सॉफ्टवेअर नेमका मधला भाग दाखवतं. माणसाच्या जवळून घेतलेल्या फोटोत मध्यभागी चेहराच असतो. म्हणून मागचा थर वर सरकवा, म्हणजे साडीचा नाहीतर शर्टाचा भाग मागे येईल. त्यावर अंधारही थोडा हवा. मागचं समोरच्यापेक्षा उजळ असलं की कितीही ब्लर वाढवा, डोळा तिकडेच जातो.

अडखळण्याचं कारण असं की प्रत्येक फ्रेमला ब्लर नव्याने काढला जातो. फोटो स्थिर आहे, मग ते काम एकदाच करून ठेवू. फक्त उभ्या फोटोंच्या फोल्डरमध्ये, टर्मिनलमध्ये:

```
mkdir bg
for f in *.jpg; do
 ffmpeg -i "$f" -vf "scale=1920:1080:force_original_aspect_ratio=increase,crop=1920:1080:0:(ih-1080)*0.8,gblur=sigma=40,eq=brightness=-0.15" -frames:v 1 -q:v 2 "bg/$f"
done
```

०.८ म्हणजे फोटोच्या तळाकडचा भाग. मधला हवा असेल तर ०.५. bg मधल्या फायली खालच्या ट्रॅकवर, मूळ फोटो वरच्या. वरच्याला `Size, Position & Rotate` लावून की-फ्रेम द्या, झूम फक्त समोरच्या फोटोला बसेल. मी कोथरूडच्या मावशींच्या चाळीस फोटोंना हेच केलं होतं. एखादी bg फाईल आडवी पडलेली दिसली तर तो फोटो आधी फिरवून सेव्ह करा, काही फोटोंत दिशा नुसती नोंदवलेली असते.

खिडकीतली_मी
काका, जमलं! साठ फायली चहा होईपर्यंत तयार झाल्या आणि आता टाइमलाइन सरळ चालते. आजीच्या पाठी तिचीच जांभळी साडी पसरली आहे, फार गोड दिसतं. बाबांच्या लहानपणीच्या एका फोटोला ०.३ केलं, कारण तळाशी फक्त फरशी होती.

पण अल्बमचे जुने काळे-पांढरे फोटो बिघडले. त्यांच्या कडेला छापील पांढरी चौकट आहे. धूसर झाल्यावर पडद्याच्या दोन्ही टोकांना पांढुरका पट्टा येतो.

जुनी_वही
बरोबर आहे, रुंदी पूर्ण वापरली जाते म्हणून चौकटही येते. त्यांची एक प्रत चौकट छाटून घ्या आणि पार्श्वभूमी फक्त त्या प्रतीपासून करा. समोर चौकटीसकट मूळ फोटोच ठेवा, ती चौकट त्या काळाची आहे.

नदीकाठ
माझा अनुभव वेगळा. काळ्या-पांढऱ्या फोटोमागे धूसर राखाडी म्हणजे नुसता धुरकट पडदा वाटतो. मी तिथे सपाट गडद तपकिरी रंग लावते. आणखी एक, प्रोजेक्टरवर धूसर भागात रंगांच्या पायऱ्या दिसतात. `gblur` नंतर `noise=alls=5` जोडल्यास बारीक दाणा येतो आणि पायऱ्या लपतात. मात्र निर्यात करताना बिटरेट कमी ठेवलात तर तो दाणा पुसला जातो.

जुनी_वही
दाण्याचं पटलं. तपकिरीचं नाही, एका फोटोला धूसर आणि पुढच्याला सपाट असं झालं की डोळा ठेचकाळतो.

खिडकीतली_मी
दोन्ही प्रकार तीन-तीन फोटोंवर करून ठेवलेत. शनिवारी कार्यालयाच्या प्रोजेक्टरवर लावून बघू देणार आहेत, मग इथे कळवते.