उधारीचं कंट्रोल खातं जुळलं, तरी गिऱ्हाइकाची बाकी चुकीची: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात खत-बियाण्यांच्या दुकानाचे हिशेब मी सांभाळते. खतावण्या हातानेच लिहितो. महिनाअखेर उधारीचं कंट्रोल खातं असं मांडलं: सुरुवातीची बाकी १,८६,००० अधिक उधार विक्री ४,१२,५००, वजा वसुली ३,३८,००० आणि परत माल ९,५००. राहिले २,५१,०००. शेतकऱ्यांच्या खात्यांची बेरीज मात्र २,५६,४०० आली.

फरक ५,४००. नऊने भाग जातो म्हणून अंकांची अदलाबदल शोधली. निम्मे २,७०० म्हणून तेवढी जमा चुकून नावे पडली का, तेही पाहिलं. शेवटी एका खात्यात ७,१०० ची वसुली १,७०० लिहिलेली सापडली आणि बेरीज जुळली.

पण खरी अडचण पुढे आहे. एका शेतकऱ्याने पावती दाखवली. त्याचे ३,००० त्याच आडनावाच्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेत. बेरीज तीच राहते, त्यामुळे कंट्रोल खात्याला हे दिसतच नाही. एखादं बिल विक्रीवहीतच चढलं नाही, तर दोन्हीकडे ते सारखंच गायब!

ज्या कंपन्यांकडून आम्ही उधारीवर माल घेतो, त्यांचा निदान खातेउतारा येतो, त्याच्याशी एकेक बिल ताडून घेता येतं. शेतकऱ्यांकडून असं काही येत नाही. तुम्ही अशा चुका कशा पकडता? बिलबुकाचे अनुक्रमांक विक्रीवहीशी लावता, की सोयाबीन विकायच्या आधी प्रत्येकाला बाकी लिहून देऊन सही घेता? आणि वसुली खात्यावर चढवताना नावाशिवाय दुसरी कोणती खूण धरता?