शब्दचर्चा : चेटकिणींचे खटले ‘धर्मन्यायालयात’ चालले, असं म्हणावं का?

मुद्रितशोधक : एका दिवाळी अंकाचं काम चालू आहे. एका लेखात वाक्य आहे, ‘सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या धर्मन्यायालयांनी हजारो चेटकिणी जाळल्या.’ ‘धर्मन्यायालय’ हा शब्द इथे बसतो का? की ‘दिवाणी न्यायालय’ लिहायचं?

मांडवीकाठ : धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन. आमच्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर. युरोपात तेच चेटकिणी जाळायचं. वाक्य तसंच ठेवा.

जुनी दप्तरं : मांडवीकाठ, गोव्याच्या इन्क्विझिशनचा रोख मुख्यतः बाटवलेल्या लोकांवर होता, ते जुना धर्म गुपचूप पाळतात का यावर. चेटकिणींच्या बाबतीत युरोपातलं चित्र जवळजवळ उलटं आहे. एकूण चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे. त्यांतली सर्वांत जास्त जर्मन मुलखात, आणि तिथे शिक्षा देणारी बहुतेक न्यायालयं ड्यूकची, शहराची, जहागीरदाराची होती. चेटूक करून कुणाचं नुकसान केलं तर जाळावं, हे कलम पवित्र रोमन साम्राज्याच्या १५३२ च्या फौजदारी कायद्यातच होतं. उलट स्पेनच्या इन्क्विझिशनने १६१० मध्ये लोग्रोन्योला सहा जणांना जिवंत जाळलं खरं, पण मग त्यांच्याच सालाझार नावाच्या न्यायाधीशाने गावोगाव फिरून कबुलीजबाब तपासले आणि पुरावा काहीच नाही असं कळवलं. १६१४ मध्ये नियम इतके कडक झाले की तिथे असे खटले जवळपास थांबले.

कायदेपंडित : ‘दिवाणी’ मात्र अजिबात नको. दिवाणी म्हणजे पैसा, जमीन, वारसा. हे फौजदारी खटले होते. ‘राजसत्तेची न्यायालयं’ म्हणा.

डोंगरपाडा : आमच्याकडे नंदुरबारला ‘डाकीण’ म्हणतात. माझ्या आत्यावर हा आळ आला होता. मूल आजारी पडलं शेजारचं, पण खरं भांडण बांधाचं होतं. तिथेही असंच असायचं का? की सुईणी आणि झाडपाला देणाऱ्या बायकाच धरायचे?

जुनी दप्तरं : ताई, आत्यांचं वाचून वाईट वाटलं. सुईणींवर खास रोख होता असं कागदपत्रांत दिसत नाही. शेजारपाजारची भांडणं मात्र पानोपानी दिसतात. खगोलशास्त्रज्ञ केपलरच्या आईचा, काथारिनाचा, खटला बघा. व्युर्टेम्बर्ग हे प्रोटेस्टंट ड्यूकचं राज्य, म्हणजे इन्क्विझिशनचा प्रश्नच नाही. लेओनबेर्ग गावात काथारिना सत्तरीकडे झुकलेली विधवा, लिहिता-वाचता न येणारी, तोंडाने फटकळ. १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड म्हणाली, ‘हिने दिलेल्या पेयाने मी आजारी पडले.’ उर्सुलाचं काथारिनाच्या धाकट्या मुलाशी आधीच वाकडं होतं. ड्यूकचा स्थानिक अधिकारी आइनहॉर्न उर्सुलाच्या बाजूचा. त्याच्यासमोर उर्सुलाच्या भावाने म्हातारीवर तलवार रोखली आणि ‘हिला बरं कर’ म्हणून धमकावलं. केपलर कुटुंबाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो सुनावणीला आला तर आइनहॉर्न स्वतः अडकणार, म्हणून त्याने तो रखडवला. तेवढ्यात विटा वाहणाऱ्या एका मुलीचा हात, म्हातारी जवळून गेली म्हणून, दुखू लागला. मग अख्ख्या गावाला आपापली जुनी दुखणी आठवली. ऑगस्ट १६२० मध्ये तिला अटक झाली. चौदा महिने ती बेड्यांत होती, आणि पहारेकऱ्यांचा खर्चही तिच्याच माथी. केपलर स्वतः येऊन तिची बाजू लढवत होता. कागद ट्युबिंगेन विद्यापीठाच्या कायदेपंडितांकडे गेले. त्यांनी सांगितलं, छळाची हत्यारं समोर धरून फक्त भीती घाला. सप्टेंबर १६२१ मध्ये तसं केलं. ती म्हणाली, एकेक शीर उपटून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही. सुटली, आणि एप्रिल १६२२ मध्ये गेली.

कायदेपंडित : म्हणजे ‘दिवाणी’ होता तो दावा तिच्या घरच्यांचा!

मांडवीकाठ : पण बाम्बेर्गला बिशपनेच जाळलं ना? तिथे चर्च नाही म्हणणार का?

जुनी दप्तरं : हा प्रश्न अवघड आहे. बाम्बेर्गचा बिशप तिथला राजाही होता, आणि खटले चालवणारे आयुक्त त्याच्या सरकारचे. तिथे १६२८ मध्ये योहानेस युनिउस या नगराध्यक्षालाच जाळलं. तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की छळामुळे खोटं कबूल केलं, आणि इतरांची नावंही घ्यायला लावली. एकदा नावं वदवून घेणं सुरू झालं की गरीब म्हातारीपुरतं ते राहत नाही. एकूण आरोपींत तीन-चतुर्थांशाहून जास्त बायका, पण आइसलँडमध्ये जाळलेले जवळजवळ सगळे पुरुष होते.

मुद्रितशोधक : तर ‘धर्मन्यायालयांनी’ काढून ‘बहुतांशी राजसत्तेच्या न्यायालयांनी’ करते. ‘चेटकिणी’च्या जागी ‘चेटकाचा आळ आलेली माणसं’. बाम्बेर्गसारख्या ठिकाणांसाठी ‘बिशपचं राज्य’ असा शब्द चालेल का?

मांडवीकाठ : मला अजून ‘चर्च’ शब्द हवा वाटतो. पोथ्या, सैतानाशी कराराची कल्पना, हे पुरवलं कुणी?

जुनी दप्तरं : त्यासाठी वेगळं वाक्य लिहा. कल्पना पुरवणं आणि शिक्षा सुनावणं एकाच क्रियापदात कोंबू नका.