पीएफ ट्रस्टची मिनिट्स: वाचायची, की नुसती नोटीस बोर्डावर टाचायची?

भोसरीचा भाऊ:
आमचा पीएफ सरकारी ईपीएफओकडे न जाता कंपनीच्याच ट्रस्टमध्ये राहतो. त्या ट्रस्टच्या बैठकीची मिनिट्स परवा बोर्डावर लागली. गुंतवणुकीला मंजुरी, धोरणाचं पालन झालं, तक्रारी आल्या १४, निकाली १४. युनियनवाले त्यावर तीन दिवस काथ्याकूट करतायत. कशाला? ईपीएफओपेक्षा कमी व्याज देता येत नाही, तूट आली तर कंपनी भरते. कामगारानं मशीन बघावं, बाँड फायनान्सवाले बघतील.

खतावणी:
भाऊ, शेवटच्या वाक्यासाठी खास लॉगिन केलं. मी ट्रस्टची खाती लिहिण्यात नोकरी घालवली आहे.

तूट कंपनी भरते, मान्य. पण तूट किती, हे ठरवतं कोण? ट्रस्टच. आणि ते नोंदवलं जातं त्याच मिनिट्समध्ये, जी तुम्ही वाचणार नाही म्हणता.

साधा हिशोब घ्या. ८० कोटींचा फंड धरा. त्यात २ कोटींचे आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचे ९ टक्क्यांचे रोखे. जुलै २०१८ पर्यंत यांचं रेटिंग एएए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित होतं, सप्टेंबरात डी, म्हणजे पैसे थकवणारं. त्या वर्षी, म्हणजे २०१८-१९ला, ईपीएफओचा दर ८.६५ टक्के. म्हणजे सभासदांना द्यायचे ६ कोटी ९२ लाख. पुस्तकात उत्पन्न दिसतं ६ कोटी ८० लाख. तूट १२ लाख, कंपनीनं चेक दिला, मिनिट्समध्ये 'तूट भरून काढली' अशी ओळ, सगळे चहा पिऊन घरी.

आता त्या ६ कोटी ८० लाखांत बुडालेल्या रोख्यांचं १८ लाख व्याज 'येणे' म्हणून धरलेलं असलं तर? ते कधी आलंच नाही. खरं उत्पन्न ६ कोटी ६२ लाख, खरी तूट ३० लाख. कंपनीनं १२ भरले, उरलेले १८ कागदावर फिरतायत. शिवाय २ कोटींचं मुद्दल ताळेबंदात पूर्ण किमतीला बसलेलं, जणू काही झालंच नाही.

मी पाहिलेल्या एका मिनिट्समध्ये अशा रोख्याबद्दल एकच ओळ होती: 'रेटिंग घसरल्याची नोंद घेण्यात आली.' नोंद! रेटिंग गुंतवणुकीच्या दर्जाखाली गेलं की बाहेर पडायचं का, याचा विचार करावा असं सरकारनं ठरवून दिलेल्या २०१५च्या गुंतवणूक पॅटर्नमध्येच आहे. मग विचार झाला का? विकलं तर किती मिळत होतं? न विकण्याचं कारण काय? एक अक्षर नाही. पण खाली ठसठशीत 'धोरणाचं पालन झालं'. पालन खरेदीच्या दिवशीच्या रेटिंगचं. पुढच्या दिवसांचं काय?

भोसरीचा भाऊ:
एवढं मोठं लिहिलंत, पण शेवटी मुद्दा माझाच राहिला ना? चुकीच्या गुंतवणुकीचं नुकसान मालकानंच सोसायचं, ही स्वतःचा ट्रस्ट चालवायच्या सवलतीची अटच आहे. आज नाही तर उद्या भरेल.

इनमीनतीन:
भरेल, कंपनी असली तर. ट्रस्टचं भगदाड बहुधा कंपनीच्या वाईट दिवसांतच बाहेर येतं. दिवाळखोरी कायद्यात पीएफची रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरत नाहीत, हे ठीक. पण जे ट्रस्टमध्ये उरलंच नाही, त्याला वगळून काय मिळणार?

माझं मत सरळ आहे: हे ट्रस्टबिस्ट बंद करा आणि सगळं ईपीएफओकडे द्या.

खतावणी:
ईपीएफओचेही पैसे आयएल अँड एफएसमध्ये अडकले होते. फरक इतकाच, की तिथे तोटा कोट्यवधी खात्यांत विरघळतो, म्हणून कुणाला टोचत नाही. तुमच्या ट्रस्टमध्ये निदान निम्मे ट्रस्टी कामगारांचे असतात. बैठकीत बोलले तर.

चाकणचा प्रतिनिधी:
बोलले तर! मी कामगारांकडून ट्रस्टी होतो. तीन महिन्यांतून एकदा बैठक, अजेंडा आदल्या संध्याकाळी, त्याला जोडलेली यादी इंग्रजीत. बाँड १२ तारखेला घेतलेला, बैठक २८ला, ठराव 'कार्योत्तर मंजुरी'चा. विरोध केला तर म्हणतात, 'आता विकायचा का? तोटा होईल.' मिनिट्समध्ये 'एकमताने'. माझा आक्षेप कुठे गेला विचारलं, तर 'चर्चेत आला' म्हणे. पुढच्या वेळी लेखी दिला आणि पोच घेतली, तेव्हा कुठे नाव लागलं. घरी बसून पोस्टी लिहिणाऱ्यांना हे कळणार नाही.

वसुधा_ना:
व्याजाचं सोडा हो, त्या '१४ पैकी १४ निकाली'वर कुणी बोलणार आहे का? त्यातली एक मी असते!

नोकरी बदलली, जुन्या कंपनीच्या ट्रस्टमधून रक्कम नव्या खात्यात गेली. पण वर्ग करतानाचा दाखला, अनेक्शर के, पाठवलाच नाही. त्याशिवाय जुनी सेवा दिसत नाही. पेन्शनला दहा वर्षं लागतात, माझी तिकडची सात आणि इकडची पाच, पण पासबुकात पाचच. तक्रार केली. उत्तर: 'रक्कम वर्ग केली आहे, तक्रार निकाली.' पैसे गेले, सेवा राहिली, आणि यांच्या रजिस्टरात मी समाधानी!

खतावणी:
वसुधाताई, याचसाठी तक्रारींचा आकडा कामाचा नाही. तक्रार कधी आली, कशाची होती, काय करून बंद केली, या तीन गोष्टी यादीत हव्यात. 'कागदपत्रे मागवली' आणि 'पैसे दिले' दोन्ही 'निकाली'तच मोजतात. तुम्ही अनेक्शर केची प्रत थेट ट्रस्टच्या सचिवाकडे लेखी मागा.

निवृत्त काका:
विषय पेन्शनचा निघालाच आहे तर विचारतो. वाढीव पेन्शनचा माझा अर्ज फेटाळला, कारण म्हणे ट्रस्टच्या नियमात वर्गणी ठरावीक मर्यादेपर्यंतच आहे. अहो, माझी वर्गणी पूर्ण बेसिकवर कापली! ४ नोव्हेंबर २०२२चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मग कुणासाठी?

भोसरीचा भाऊ:
काका, हा धागा मिनिट्सचा आहे. त्याचा वेगळा काढा.

निवृत्त काका:
वेगळा काढा म्हणे. तुम्ही तीस वर्षं मशीन बघा आणि मग बघू तुम्हाला कोणता धागा सुचतो.

इनमीनतीन:
काकांची केस साधी आहे. वर्गणी पूर्ण पगारावर, पुरावा आहे, मिळणारच पेन्शन.

चाकणचा प्रतिनिधी:
साधी? यावर हायकोर्टांत किती जण भांडतायत माहीत आहे? ईपीएफओ बोट ठेवते ट्रस्टच्या लिखित नियमावर. पगारातून काय कापलं ते नंतर. आणि निकालानंतर नियम बदलून घेतला, तर 'आता सुचलं का' म्हणतात.

खतावणी:
आणि भाऊ, हे विषयाबाहेर नाही. पूर्ण पगारावर वर्गणी घ्यायची हा निर्णय कधी तरी ट्रस्टच्या बैठकीत झाला असणार. काका, त्या काळची मिनिट्स शोधा. ठराव झाला असेल आणि नियमात दुरुस्ती करायची राहिली असेल, तर वकिलाला काही तरी धरायला मिळेल. कोर्ट मानेल का, ते मी छातीठोक सांगणार नाही.

निवृत्त काका:
जुनी मिनिट्स विचारली होती. ऑफिस हलवताना 'गहाळ' झाली. १९९५ची कँटीनची बिलं मात्र आहेत.

भोसरीचा भाऊ:
बरं बाबा, जिंकलात. उद्या बोर्डासमोर उभा राहून वाचतो, शिफ्ट सुपरवायझरला तुम्हीच सांगा. पण खतावणी, एक सांगा. ते 'येणे व्याज' मिनिट्समध्ये दिसत नसेल तर शोधायचं कुठे?

खतावणी:
मिनिट्सला ताळेबंद जोडलेला असतो, नसेल तर मागा. 'येणे व्याज' मागच्या वर्षीपेक्षा फुगलंय का बघा. फंड तेवढाच आणि येणे वाढलं, तर कुठला रोखा पैसे देत नाही ते नावानिशी विचारा. आमच्याकडे तर एकदा 'इतर' नावाच्या रकान्यात सापडलं होतं.

चाकणचा प्रतिनिधी:
आणि विचारलेलं मिनिट्समध्ये आलं का, तेही बघा. माझ्या वेळी येत नव्हतं.